पीएमपीच्या अर्जातले ३६ महिने

“आठ-दहा वर्षे इंजिनीअर म्हणून काढलीत, आता एमबीएशिवाय मॅनेजर होता येणार नाही. तेवढा वेळ नसेल तर पीएमपी करा. तीन महिन्यांत सर्टिफिकेट हातात आणि मॅनेजरची खुर्ची नक्की. एमबीए कुठलेही चालते, ऑनलाइनसुद्धा; शिक्का महत्त्वाचा.”

हा मजकूर माझ्या भाचीला गेल्या महिन्यात ऑफिसातल्या तिघांनी पाठवला. ती ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नऊ वर्षे काम करते, तिला टीमची मॅनेजर व्हायचे आहे, आणि हे वाचून ती ठाण्यातल्या एका क्लासचा पहिला हप्ता भरायला निघाली होती. माझी वीस वर्षे याच व्यवसायात गेली आहेत आणि बढतीच्या बैठकांना मी दरवर्षी बसतो, त्यामुळे गप्प राहणे मला शक्य नाही.

सर्वांत घातक भाग पीएमपीचा आहे. प्रकल्प व्यवस्थापनाच्या या प्रमाणपत्राची परीक्षा घेणाऱ्या पीएमआय या संस्थेच्या अटी कोणालाही वाचता येतात. चार वर्षांची पदवी असलेल्या उमेदवाराला ३६ महिने प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा अनुभव दाखवल्याशिवाय परीक्षेला बसताच येत नाही. प्रशिक्षणाचे ३५ तास लागतात ते वेगळेच. म्हणजे ज्याने आधी माणसे आणि कामे हाताळली आहेत त्याच्या अनुभवाला हे प्रमाणपत्र दुजोरा देते. ती पहिली संधी मिळवून देण्यासाठी ते बनवलेलेच नाही.

क्लासने भाचीचा अर्ज स्वतःच भरून ठेवला होता, तो मी तिच्याबरोबर बसून ओळीओळीने तपासला. त्यात तीन प्रकल्प होते, १४, १२ आणि १० महिन्यांचे, आणि बेरीज बरोबर ३६. पहिले दोन प्रकल्प सात महिने एकाच वेळी चालू होते, आणि पीएमआयच्या नियमाप्रमाणे असे महिने एकदाच मोजले जातात, त्यामुळे तिथे २६ ऐवजी १९च उरतात. तिसऱ्या प्रकल्पात तिने फक्त कोड लिहिला होता. पीएमआय काही अर्ज पडताळणीसाठी काढते आणि मग प्रत्येक प्रकल्प माहीत असलेल्या व्यक्तीकडून दुजोरा मागते. तिच्या तेव्हाच्या मॅनेजरने त्या दहा महिन्यांवर सही कशी केली असती? क्लासवाल्याने फोनवर सांगितले, “ते आम्ही बघून घेऊ, मॅडम.” नऊ वर्षे प्रामाणिकपणे राबलेल्या मुलीच्या नावावर खोटे लिहून घेण्याचा हा प्रकार आहे, आणि त्याचा मला मनापासून संताप येतो.

आमच्या बैठकीत विचारले जाते ते वेगळेच असते: कामाचा अंदाज कोणी दिला, तारीख चुकणार हे क्लायंटला कोणी आणि किती आधी कळवले, मुलाखती कोणी घेतल्या, कमी पडणाऱ्या सहकाऱ्याशी कोण बोलले. भाचीच्या खऱ्या १९ महिन्यांत यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची चांगली उत्तरे आहेत, शेवटच्या दोनांची नाहीत, आणि ती उणीव कोणत्याही परीक्षेने भरून निघत नाही.

एमबीएबद्दल अर्धे सत्य मला मान्य करावे लागते. प्रॉडक्ट, व्यवसायवाढ किंवा कन्सल्टिंगकडे वळायचे असेल तर चांगल्या संस्थेच्या एमबीएने दार खरोखर उघडते, आणि काही कंपन्यांत ठरावीक श्रेणीच्या वर ती पदवी मागतातच. तसेच काही कंत्राटांत क्लायंटच प्रोजेक्ट मॅनेजर पीएमपी असावा अशी अट घालतो. पण भाचीला इंजिनीअरांचीच टीम सांभाळायची आहे. तिने पाहिलेल्या एक वर्षाच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी २० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३४ हजार येतो, आणि वर्षभराचा पगार बुडतो तो निराळा. एवढे करून परत आल्यावर बैठकीत तेच चार प्रश्न तिच्यासमोर असतील. पदवी हवीच असेल तर मुंबई विद्यापीठाचे संध्याकाळचे तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रम आहेत, त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही.

“कुठलेही चालते” हे तर सरळ चूक आहे. यूजीसीची मान्यता असलेली ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, पण ‘एक्झिक्युटिव्ह एमबीए’ या नावाने विकले जाणारे सगळेच अभ्यासक्रम पदवी देत नाहीत. काहींच्या शेवटी नुसते प्रमाणपत्र मिळते. पैसे भरण्याआधी deb.ugc.ac.in वर संस्था आणि अभ्यासक्रम दोन्ही तपासावेत.

भाचीने हप्ता भरला नाही. तिने आपल्या मॅनेजरकडे लेखी तीन गोष्टी मागितल्या: पुढच्या रिलीजचे संपूर्ण नियोजन, नव्याने आलेल्या दोन मुलांची जबाबदारी आणि मुलाखतीच्या पॅनेलवर जागा. पहिल्या दोन मिळाल्या आहेत. तिसरीसाठी तिला पुढच्या भरतीपर्यंत थांबायला सांगितले आहे.