सही करायच्या आधीचे आठ दिवस

परवा सुध्या कट्ट्यावर आला तो कर्जमंजुरीचं पत्र खिशात घेऊनच. दहा लाख, पाच वर्षं, साडेअकरा टक्के स्थिर दर. बसायच्या आधीच त्याने ते पत्र नानांच्या हातात दिलं. नानांनी आयुष्यभर कर्जविभागात काम केलंय, त्यामुळे असली कागदं आमच्याकडे त्यांनीच वाचायची, हे ठरलेलंच.

सुध्याचा राग सरळ होता. "अकरा वर्षांत एक हप्ता चुकला नाही माझा. क्रेडिट स्कोअर उत्तम. मग मला हा दर का? चांगल्या माणसाला आपोआप कमी दर मिळायला नको?"

मन्या म्हणाला, "दर संगणक काढतो रे. तू काकुळतीला येऊन काय होणार? सही कर आणि मोकळा हो."

मला दोघांचंही पटेना. सुध्या समजतो की स्कोअर म्हणजे बक्षीस, ते कुणीतरी बोलावून हातात ठेवेल. मन्या समजतो की छापलेला आकडा हलत नाही. नानांनी पत्र मांडीवर ठेवलं आणि आधी मन्याला धरलं.

"दराचे दोन भाग असतात. बँकेला स्वतःला पैसा ज्या भावाने पडतो, तो खालचा. त्याच्यावर तुझ्या जोखमीसाठी आणि नफ्यासाठी चढवलेलं मार्जिन, ते वरचं. खालच्या भागावर तू कितीही बोललास तरी उपयोग नाही, तो शाखेतल्या कुणाच्याच हातात नसतो. मार्जिन मात्र हलतं. संगणक स्कोअर बघून तुला एका पट्ट्यात टाकतो. त्या पट्ट्यात थोडी सूट द्यायचा अधिकार काही जणांकडे असतो. काउंटरवरच्या माणसाकडे बहुधा नसतो, पण तो वर प्रस्ताव पाठवू शकतो."

"मग पाठवत का नाही?" सुध्या.

"कारण त्याला वर कारण लिहावं लागतं. 'ग्राहक म्हणतो दर जास्त आहे' हे कारण होत नाही. 'ग्राहकाकडे दुसऱ्या बँकेचं लेखी मंजुरीपत्र आहे, तो उद्या जाईल' हे कारण होतं."

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण स्कोअर दाखवून घासाघीस करायला जातो, पण स्कोअर तर त्यांनी आधीच पाहिलेला असतो, दर ठरवताना तो जमेस धरलेला असतो. तोच आकडा पुन्हा पुढे केला तर समोरच्याला नवीन काहीच कळत नाही. चांगल्या स्कोअरचा खरा उपयोग हा, की दुसरी बँकही तुम्हाला हो म्हणते. तो दुसरा होकार कागदावर आला की बोलणं सुरू होतं.

मन्याने लगेच हरकत घेतली. "म्हणजे दहा बँकांत अर्ज टाकायचे? प्रत्येक अर्जाची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये पडते. स्कोअर तिथेच घसरेल."

ही हरकत रास्त होती, आणि नानांनीही ती मान्य केली. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिला तर स्कोअरला धक्का लागत नाही. पण अर्जावरून बँकेने चौकशी केली की तिची नोंद राहते आणि थोड्या काळात अशा बऱ्याच नोंदी दिसल्या की माणूस पैशासाठी धावाधाव करतोय असा अर्थ निघतो. एकाच कर्जासाठी लागोपाठ झालेल्या चौकश्या काही ठिकाणी एकच धरतात, सगळीकडे नाही. म्हणून आधी नुसता अंदाजी दर विचारायचा, चौकशीची नोंद पडणार का हे स्पष्ट विचारायचं, आणि पक्के अर्ज दोन-तीनच करायचे, तेही जवळजवळच्या दिवसांत.

सुध्याने असा एक अर्ज आधीच केलेला निघाला. दुसऱ्या बँकेने साडेदहा टक्के देऊ केले होते. पूर्ण एक टक्का कमी! मन्या आता उलटा फिरला, "मग तिकडेच जा की, बोलायचं कशाला?"

नानांनी ते पत्र मागवून घेतलं आणि शेवटचं पान उघडलं. ही त्यांची जुनी सवय आहे, खर्च नेहमी मागे लिहिलेला असतो असं ते म्हणतात. प्रक्रिया शुल्क दोन टक्के, म्हणजे वीस हजार. शिवाय कर्जाबरोबर बांधलेला विमा, पंधरा हजार. पहिल्या बँकेचं शुल्क होतं फक्त पाच हजार, विमा नाही.

मी फोनवर हिशेब केला. साडेअकराने हप्ता 21,993, साडेदहाने 21,494. महिन्याला 499 वाचतात, साठ महिन्यांत साधारण 29,900. आणि दुसरीकडे सुरुवातीलाच 30,000 जास्त जातात. म्हणजे एक टक्का स्वस्त दिसणारं कर्ज मुळीच स्वस्त नव्हतं. वर ते पैसे आधी द्यायचे आणि बचत पाच वर्षांत थोडी थोडी हाती यायची. कर्ज मध्येच फेडलं तर तीही पूर्ण मिळायची नाही.

सुध्याचा चेहरा उतरला. "म्हणजे हे पत्र कामाचं नाही?"

"जायला कामाचं नाही, बोलायला कामाचं आहे," नाना म्हणाले. पण त्याआधी त्यांनी त्याला पूर्ण रिपोर्ट उघडायला लावला. स्कोअरचा आकडा सुध्याला पाठ होता, आतली पानं त्याने कधी वाचलीच नव्हती. त्यात दोन वर्षांपूर्वी फेडलेलं गाडीचं कर्ज अजून चालू दाखवलेलं होतं. त्याने स्कोअर फारसा बिघडला नव्हता, पण बँक जेव्हा पगारातून आधीचे हप्ते वजा करते तेव्हा तो मेलेला हप्ताही वजा होत होता. रिपोर्ट दुरुस्त व्हायला काही आठवडे जातात. तोवर थांबायचं नसेल तर कर्ज फिटल्याचा दाखला थेट बँकेला द्यायचा आणि हप्त्यांचा भार नव्याने मोजायला सांगायचं. मला विचाराल तर त्या संध्याकाळची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच होती.

सुध्या सोमवारी पहिल्या बँकेत गेला. दुसऱ्या बँकेचं पत्र आणि कर्ज फिटल्याचा दाखला, दोन्ही कागद दिले, आणि एक नेमका आकडा मागितला: पावणेअकरा, शुल्क आहे तेच, विमा नाही. दुसऱ्या बँकेचं शुल्क त्याने लपवलं नाही, ते पत्रातच होतं. अधिकाऱ्याने आधी नेहमीचं "सिस्टीममध्ये बसत नाही" सांगितलं, मग प्रस्ताव वर पाठवला. चौथ्या दिवशी मंजूर झाला. हप्ता 21,618. महिन्याला 375 कमी, पाच वर्षांत साडेबावीस हजार.

मन्या अजून म्हणतो की हे दाखल्यामुळे झालं, दुसऱ्या पत्राचा संबंध नाही. असेलही, दोन्ही कागद एकाच दिवशी दिल्यामुळे ते वेगळं काढता येत नाही. नाना मात्र सही करू देईनात. तोंडी कबूल केलेला दर करारात आणि हप्त्यांच्या तक्त्यात आलाय का, हे सुध्याने ओळ न् ओळ वाचून दाखवेपर्यंत ते अडून बसले. तक्त्यात जुनाच हप्ता होता, 21,993. शाखेने नवा तक्ता काढून दिला आणि मग सही झाली.