लाईटली यूज्ड

कपाटात एक पर्स पडून होती, म्हटलं ऑनलाइन विकून टाकू, दहा मिनिटांचं काम. फोटो काढायचा, चार ओळी लिहायच्या, झालं. त्या चार ओळी लिहायला मला तीन दिवस लागले आणि तिसऱ्या दिवशी घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं.

पहिल्या रात्री मी लिहिलं, 'सुंदर बेज रंगाची लेदर हँडबॅग, फारच कमी वापरलेली, नव्यासारखी, खरेदी चुकली म्हणून विकत आहे.' लेकीने वाचलं आणि म्हणाली, आई, यातलं फक्त बेज खरं आहे.

मग ती पर्स घेऊन बसली डायनिंग टेबलावर, पोस्टमॉर्टेमला बसतात तशी. आधी चारही कोपरे. पर्स जिथे जिथे टेकते तिथे आधी झिजते, आणि खालच्या कोपऱ्यांना जी गोल शिवलेली किनार असते ना, पाइपिंग, तिचा वरचा रंग दोन कोपऱ्यांवर पार गेला होता आणि आतलं पांढरट दिसत होतं. मी म्हटलं, तेवढं चालतं गं. ती म्हणाली, चालतं, पण मग नव्यासारखी म्हणू नकोस. मग हँडल. लांबून एकदम छान. पण हँडलचा मधला भाग, जिथे हात धरतो तिथे, बाकीच्या पर्सपेक्षा स्पष्ट गडद झालेला, म्हणजे माझाच घाम आणि हँडक्रीम. मग मागची बाजू, आणि मागे खालच्या अर्ध्या भागात निळसर ढग. हा ढग मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते कारण पर्सची मागची बाजू कायम माझ्याकडे असते आणि मी काय तिच्याकडे बघत चालते का. नवीन जीन्सचा रंग होता तो. गडद जीन्सचा निळा घासून फिक्या पर्सला लागतो आणि एकदा मुरला की सहसा जात नाही. मी ओलं फडकं घेऊन घासायला धावले तर लेक ओरडली की घासू नकोस, वरचा थर निघेल, मग निळ्या डागाच्या जागी टक्कल दिसेल.

'पण मी ही फार तर पंधरा वेळा वापरलीये!' मी म्हटलं, आणि हे खरं होतं, देवाशप्पथ.

इथे नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं आणि विचारलं, लेदर आहे कशावरून? असे प्रश्न हा माणूस वर्षातून एकदा विचारतो आणि नेमका नको तेव्हा. मी म्हटलं वास येतो लेदरचा. तो म्हणाला वास फवारता येतो, पट्ट्याची भोकं बघ. बकलसाठी पट्ट्याला जी भोकं पाडलेली असतात तिथे मालाची कापलेली कड दिसते, म्हणजे आत काय आहे ते कळतं. खऱ्या चामड्यात पार आतपर्यंत तंतू तंतू दिसतात, सपाट थर नसतात. आमच्या भोकात टॉर्च मारला तर वर प्लास्टिकसारखा पातळ थर आणि खाली चक्क विणलेलं कापड, दोन धागे बाहेर डोकावत होते आमच्याकडे बघून. म्हणजे पीयू. म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा लेप. इतकी वर्षं मी त्या पर्सला लेदरचं क्रीम लावत होते, म्हणजे कापडी गादीला तेल चोळण्यासारखंच.

आणि पीयूची गंमत अशी की ते वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवेतल्या ओलाव्याने तो लेप हळूहळू तुटत जातो, आधी चिकट लागतो, मग बारीक भेगा, मग पापुद्रे. बंद कपाटात, कपड्यात गुंडाळून, ऊन न दाखवता ठेवली तरी. म्हणजे 'पंधरा वेळाच वापरली' हे माझं ब्रह्मास्त्र, ज्याच्या जोरावर मी लाईटली यूज्ड लिहिणार होते, ते निकामी. घेणाऱ्याला पर्स किती वेळा बाहेर गेली याच्याशी काय करायचंय, ती आज कशी आहे ते हवं. आम्ही हँडल जिथे पर्सला जोडलेलं असतं तिथे वाकवून पाहिलं, भेगा असल्या तर त्या वाकणाऱ्या जागी आधी दिसतात. नव्हत्या. तेवढ्यानेच मला इतकं बरं वाटलं की मी चहा टाकला.

दुसरा दिवस फोटोत गेला. रात्री ट्यूबलाइटखाली काढला तर पर्स हिरवट, पिवळ्या दिव्याखाली काढला तर मोहरीच्या रंगाची, फ्लॅश मारला तर सगळे डाग गायब आणि मी मनातून खूश, पण लेकीने फ्लॅशवाले सगळे डिलीट केले. शेवटी सकाळी खिडकीजवळ, थेट ऊन नको, मागे पांढरी चादर. पुढून, मागून, तळ, चार कोपरे, चेन उघडी, चेन बंद, आतलं अस्तर. डागाचा वेगळा फोटो, शेजारी माझं बोट, म्हणजे डाग केवढा आहे ते कळावं. (बोट फारच सुरकुतलेलं आलंय. त्याची कंडिशन कुणी विचारली नाही.) मग टेप घेऊन मापं, तळाशी रुंदी 32 सेंटीमीटर, हँडल सोडून उंची 24, जाडी 12. ही मापं टाका म्हणजे लॅपटॉप मावेल का हे कुणी विचारणार नाही असं लेक म्हणाली. पहिल्या तासात चार जणांनी विचारलं.

तर शेवटी गेलेली लिस्टिंग अशी:

'बेज हँडबॅग, पीयू, लेदर नाही. वापर कमी पण वय पाच वर्षं. खालच्या दोन कोपऱ्यांवर पाइपिंगचा रंग गेलाय. हँडल मध्ये गडद झालंय. मागे जीन्सचा निळा डाग, तळव्याएवढा, निघत नाही. भेगा, चिकटपणा, पापुद्रे आज नाहीत, पुढचं सांगू शकत नाही. चेन आणि रनर नीट चालतात. आतल्या कप्प्याचं अस्तर एका कोपऱ्यात दोन बोटं उसवलंय. डांबरगोळीचा थोडा वास आहे.'

नवरा म्हणाला ही जाहिरात आहे की कबुलीजबाब.

दोन दिवस नुसते 'लास्ट किती' आणि अंगठे. मग एका बाईंचा मेसेज आला, सरळ, 'ताई, अस्तर उसवलंय तिथून आत हात घालून बघितलंत का? माझ्या पर्सचं असंच झालं होतं, सगळं आत पडत होतं.'

मी पर्स हलवून पाहिली. खालून खुळखुळ आवाज आला. हा आवाज मी कायम चेनच्या लटकनाचा समजत होते. दोन बोटं घातली, पुरेनात, मग लेकीची बारीक बोटं घातली, आणि अस्तर आणि पीयूच्या मधून बाहेर आलं ते असं: तीन नाणी, एक सेफ्टीपिन, लिपस्टिकचं झाकण आणि कपाटाच्या लॉकरची किल्ली.

ही ती किल्ली. जिच्यासाठी दोन वर्षांपूर्वी माणूस बोलावून लॉकर फोडला होता, आणि जी नवऱ्याने हरवली असं मी त्याला, सासूबाईंना, माझ्या आईला आणि लॉकर फोडणाऱ्याला सांगितलं होतं, त्यानंतरही अधूनमधून, विषय कुठलाही असला तरी.

नवरा काही बोलला नाही. पेपर घडी घालून ठेवला, किल्ली हातात घेतली, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली आणि म्हणाला, 'लाईटली यूज्ड.'

मी त्या बाईंना लिहिलं, अस्तर शिवून देते, पर्स तुमची.