नोव्हेंबरचे एक हजार चारशे तीस डबे

आमच्या दुकानात मिठाई आणि भेटवस्तू विकल्या जातात, आणि माल किती भरायचा हे अण्णा ठरवतात. त्यांची पद्धत सोपी आहे. ते खुर्चीत मागे रेलतात, डोळे मिटतात आणि आकडा सांगतात. आकडा कुठून आला असं विचारलं की डोळे उघडून ‘तुला काय करायचंय?’ असं विचारतात. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. मग मी आलो, आणि माझ्याबरोबर हंगामी निर्देशांक आला.

आता हा निर्देशांक दिसायला गरीब प्राणी आहे. वर्षभराची विक्री घ्या, बाराने भागा, सरासरी महिना मिळतो. प्रत्येक महिन्याची विक्री त्या सरासरीने भागून शंभराने गुणा. शंभर आले तर महिना साधा, तीनशे आले तर तिप्पट धावपळ, पन्नास आले तर माशा मारा. असं तीन-चार वर्षांचं काढून महिन्यामहिन्याची सरासरी घेतली की दुकानाची कुंडली तयार. प्रत्येक वर्ष स्वतःच्याच सरासरीने भागल्यामुळे धंदा वाढत गेला तरी मोठं वर्ष लहान वर्षावर दादागिरी करत नाही. हे मला फार आवडलं. घरात मला जे मिळत नाही ते निदान माझ्या आकड्यांना मिळावं.

अडचण एवढीच होती की डब्यांचा हिशेब अण्णांच्या वहीत होता. आणि वहीत तारखाच नव्हत्या. ‘सणाआधी आठवा दिवस, ११० डबे.’ ‘सणाचा आदला दिवस, संपले, परत काढले.’ ‘सणानंतर तिसरा दिवस, कोणी फिरकलं नाही.’ हा काय हिशेब आहे? मी तीन रविवार खपून, कॅलेंडर मांडीवर घेऊन, प्रत्येक नोंदीला रीतसर तारीख लावली आणि तीन वर्षं महिन्यांच्या रकान्यांत नीट बसवली. अण्णा ते बघत होते. ‘वही बरी होती की,’ एवढंच म्हणाले. मी हसलो. त्या हसण्याची किंमत पुढे डब्यांत मोजली.

पहिल्या वर्षी महिन्याची सरासरी १००० डबे होती. ऑक्टोबरमध्ये ३६०० गेले, नोव्हेंबरमध्ये ७००. निर्देशांक ३६० आणि ७०. दुसऱ्या वर्षी सरासरी ११००, पण ऑक्टोबर घसरून १३० वर आला आणि नोव्हेंबर ३०० वर चढला. तिसऱ्या वर्षी पुन्हा ऑक्टोबर ३२०, नोव्हेंबर ११०. एखाद्या शहाण्या माणसाने इथेच पेन खाली ठेवून विचारलं असतं की बाबा, हे दोन महिने शिवाशिवी का खेळतायत? मी सरासरी काढली. ऑक्टोबर २७०, नोव्हेंबर १६०. इतके गोल आकडे आले की मला वाटलं, हेच सत्य असणार.

चौथ्या वर्षी महिन्याला सरासरी १३०० डबे धरले. म्हणजे ऑक्टोबरसाठी ३५१० आणि नोव्हेंबरसाठी २०८०. सणाची नक्षी आणि ठसठशीत छापलेलं साल असलेल्या डब्यांची ऑर्डर मी दोन हप्त्यांत दिली. दुसरा हप्ता एक नोव्हेंबरला. अण्णांनी विचारलं, ‘सण कधी आहे?’ मी म्हणालो, ‘२१ ऑक्टोबरला.’ ते म्हणाले, ‘मग नोव्हेंबरात कोण खाणार?’ मी म्हणालो, ‘निर्देशांक १६० आहे.’ ते म्हणाले, ‘त्याला खायला घाल.’

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता दुकानातला शेवटचा डबा गेला. चारनंतर आलेल्या माणसांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं आजवर फक्त गणिताच्या बाईंनी पाहिलं होतं. कारागीर आतून ओरडत होते की माल आहे, डबा द्या. डबा नव्हता. आणि एक नोव्हेंबरला, सण होऊन अकरा दिवस झाल्यावर, टेम्पो आला आणि २०८० नवेकोरे डबे उतरवून गेला. त्यातले महिन्याभरात ६५० खपले, तेही वाढदिवस आणि बारशांच्या कृपेने. उरलेले १४३०.

हिने घरात ते डबे रचताना एकच प्रश्न विचारला. ‘सण दरवर्षी त्याच तारखेला येतो का?’

नाही येत. चंद्रावर चालणारं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. तो असाच सरकत सरकत पार उन्हाळ्यात जाऊ नये म्हणून दोन-तीन वर्षांनी एक अधिक महिना घालतात, आणि मग सण एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे उडी मारतो. माझ्या चार वर्षांत तो २४ ऑक्टोबर, १२ नोव्हेंबर, १ नोव्हेंबर आणि २१ ऑक्टोबर असा हिंडला होता. आणि खरेदी सणाच्या आधी होते, त्यामुळे १ नोव्हेंबरचा सण कागदावर नोव्हेंबरचा असला तरी गल्ल्यात ऑक्टोबरचाच. म्हणजे मी ज्याला ऑक्टोबरचा निर्देशांक म्हणत होतो ती होती सण असलेल्या दोन आणि नसलेल्या एका ऑक्टोबरची खिचडी. असा ऑक्टोबर कोणाच्याही आयुष्यात कधीच येत नाही. एक पाय बर्फात आणि एक निखाऱ्यात ठेवून सरासरीने कोमट वाटतंय म्हणणारा माणूस तो मीच.

ओळखायची खूण सोपी होती, ती मी पाहिली नाही इतकंच. एकाच महिन्याचे वर्षावर्षाचे निर्देशांक जवळजवळ असतील, म्हणजे ९०, ९५, १०२, तर सरासरीला अर्थ आहे. ३६०, १३०, ३२० असे असतील तर त्या महिन्यात काहीतरी ये-जा करतंय. मला जूनमध्येही एका वर्षी १४० दिसला होता. तो एका लग्नाच्या घाऊक ऑर्डरचा निघाला. ती ऑर्डर हिशेबातून बाजूला काढल्यावर जून पुन्हा गरीब झाला. पण सण काही बाजूला काढता येत नाही. त्याच्यासाठी तर दुकान उघडलंय.

उपाय असा, की महिना सोडायचा आणि सणाचा दिवस शून्य धरून आठवडे मोजायचे. आधीचे उणे एक, उणे दोन, उणे तीन. सणापासूनचे सात दिवस हा शून्य आठवडा. मग प्रत्येक आठवड्याची विक्री वर्षाच्या सरासरी आठवड्याने भागायची. हे करायला मला काय लागलं? अण्णांची वही. ‘सणाआधी आठवा दिवस’ ही नोंद त्यांनी चाळीस वर्षं जशी हवी तशीच ठेवली होती, आणि मी तीन रविवार खपून ती मोडली होती. पुढचे दोन रविवार मी माझ्याच तारखा खोडण्यात घालवले. अण्णांनी खोडरबर आणून दिलं. बोलले काही नाहीत, पण नवीन रबर होतं.

आता बघा काय झालं. उणे तीन आठवड्याचे निर्देशांक तिन्ही वर्षी १८० च्या आसपास. उणे दोनचे ३४० च्या आसपास. उणे एक ७६०, शून्य आठवडा २७०, आणि त्यानंतरचा ४०, कारण तोवर प्रत्येक घरात दुसऱ्याने दिलेला डबा तिसऱ्याला द्यायचं चाललेलं असतं. शिवाशिवी बंद. सगळे आकडे आपापल्या जागी शहाण्या मुलांसारखे बसले.

एक काटा मात्र राहिला होता. चौथं वर्ष हिशेबात धरायचं तर त्याच्या शून्य आठवड्याची विक्रीही शून्य. वाटावं, लोकांनी गोड सोडलं. लोकांनी काही सोडलं नव्हतं, आमच्याकडे डबेच नव्हते. वही विक्री सांगते, मागणी सांगत नाही. जो माणूस चार वाजता हात हलवत परत गेला त्याची नोंद कुठेच नाही. ती चूक तशीच निर्देशांकात गेली तर पुढच्या वर्षी आपण आणखी कमी माल भरतो, आणखी लवकर संपतो, आणि निर्देशांक आणखी उतरतो. म्हणून मी बिलांवरच्या वेळा पाहिल्या. आधीच्या वर्षी आदल्या दिवसाच्या विक्रीतली साधारण ६० टक्के दुपारी चारपर्यंत होत असे. चौथ्या वर्षी चारपर्यंत ३८० डबे गेले होते. म्हणजे पूर्ण दिवसाची मागणी सुमारे ६३० होती. तो आकडा मी धरला, आणि शून्य आठवड्यासाठी चौथं वर्ष सोडून आधीच्या तीन वर्षांचाच निर्देशांक ठेवला.

पण मागणी कळली म्हणजे माल तयार झाला असं नाही. सरासरी आठवडा ३०० डब्यांचा धरला तर उणे एक आठवड्याला २२८० डबे लागतात, आणि आमच्या कारागिरांचे हात आठवड्याला १२०० च्या वर चालत नाहीत. मग १०८० आधी करून ठेवायचे. उणे दोनमध्ये लागतात १०२०, म्हणजे १८० ची फुरसत. उणे तीनमध्ये ५४०, म्हणजे ६६०. दोन्ही मिळून ८४०. राहिले २४०, ते उणे चारमध्ये. मी हा कागद मोठ्या अभिमानाने कारखान्यात चिकटवला. मुख्य कारागीर पिठाचे हात पुसत आले, वाचलं आणि म्हणाले, ‘दुधाचं चार आठवडे आधी करू म्हणता? मग वर साल कोणतं छापायचं?’

खरं होतं. दुधाची मिठाई दोन-तीन दिवसांची पाहुणी, ती साठवायची नसतेच. आधी करून ठेवायचं ते सुकं, टिकाऊ, आणि भेटवस्तूंचे संच, जे बसून राहिले तरी तोंड वाकडं करत नाहीत. म्हणजे एक निर्देशांक पुरत नाही, दुधाचा वेगळा, सुक्याचा वेगळा, भेटवस्तूंचा वेगळा. भेटवस्तूंचा तर उणे तीनलाच उसळतो, कारण ऑफिसांची खरेदी आधी होते. तेव्हा मी उणे एकचे सगळे हात दुधाला मोकळे ठेवले आणि सुकं नि संच मागे ढकलले. कागद परत छापला. यावेळी तो पिठाच्या बोटाने मधोमध दाबून चिकटवला गेला, ही आमच्याकडची मंजुरी.

यंदा सण ८ नोव्हेंबरला आहे. मी अण्णांना विचारलं, आदल्या आठवड्याला किती लागतील? ते मागे रेलले, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘बावीसशे, तेवीसशे.’ माझ्या कागदावर २२८० होते. कुठून आणलेत असं मी विचारलं नाही.

ते १४३० डबे अजून घरात आहेत. एकात मोहरी आहे, एकात बटणं, एकात माझी विम्याची कागदपत्रं आणि बाकीच्यांत रिकामे डबे. सगळ्यांवर सोनेरी अक्षरात गेल्या सालच्या शुभेच्छा. कोणी घरी आलं की ही त्यातला एक भरून हातात देते, पावसाळ्यात, उन्हाळ्यात, केव्हाही. काढून बघितलं, त्यांचा निर्देशांक बाराही महिने शंभर येतो.