सतरा साती एकशे एकोणीस

आज अर्धी रजा टाकून नौपाड्यातल्या एका बँकेत गेले होते. शाखेचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नकोत. काम केवढं, तर मुलाच्या शैक्षणिक कर्जाचं व्याज प्रमाणपत्र. कागद मिळाला, पण चुकीचा. चूक दाखवली तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, "मॅडम, सिस्टीममधून आलंय."

हिशोब सांगते. चिरंजीवांचं एम.टेक. झालं, सवलतीचा काळ संपला, हप्ता सप्टेंबर २०२४ पासून सुरू. सतरा हजारांचे सात हप्ते मार्चपर्यंत गेले, माझ्या पगाराच्या खात्यातून. सतरा साती एकशे एकोणीस, म्हणजे १,१९,००० रुपये. प्रमाणपत्रावर वर्षाचं व्याज किती? १,२८,७१४! अहो, मी भरलेच मुळात एक लाख एकोणीस हजार, त्यात मुद्दलही आलं, मग व्याज त्याहून जास्त कसं भरेन? प्रमाणपत्राच्या मागे पेन्सिलीने गुणाकार करून दाखवला, तरी साहेब स्क्रीनकडेच बघत होते.

झालं होतं असं की एप्रिल ते ऑगस्ट हप्ता नव्हता, पण व्याज चढतच होतं. ते ५३,२८० रुपये मुद्दलात मिळवले आणि सप्टेंबरला थकबाकी साडेबारा लाख झाली. बँकेच्या लेखी ते 'लावलेलं' व्याज. पण आयकराच्या कलम 80E मध्ये वजावट मिळते ती त्या वर्षात प्रत्यक्ष 'भरलेल्या' व्याजाची. म्हणजे माझ्या सात हप्त्यांतला व्याजाचा भाग, ७५,४३४ रुपये, तेवढाच.

ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "आकडा मोठा आलाय ना, मग लाव की, तुझाच फायदा." वा गं! उद्या नोटीस आली तर ती बँकेच्या पॅनवर येणार की माझ्या? २०२५ पासून रिटर्नमध्ये कर्जाचा खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, ३१ मार्चची थकबाकी, सगळं भरायचं आहे. ज्याला ताडून बघायचं तो बघेलच.

दुसरी चूक याहून वाईट. प्रमाणपत्रावर नाव फक्त मुलाचं. मी सहकर्जदार, सह्या माझ्या, पैसे माझे, आणि कागदावर मी नाहीच! त्याचा पगार अजून कराइतकाही नाही, त्याला त्या वजावटीचा काय उपयोग? दावा मी करणार, मग माझं नाव नको का? इथे मात्र माझा आवाज चढला. शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी मान वळवून पाहिलं.

खरं सांगू, शेवटी काम झालं. आतल्या केबिनमधली एक पोरगी, माझ्या मुलाच्याच वयाची, डबा अर्धा टाकून बाहेर आली. पेन्सिलीचा गुणाकार पाहून हसली आणि म्हणाली, "काकू, हे बरोबर आहे तुमचं." अर्ज लिहून दे म्हणाली. त्यात खाते क्रमांक, आर्थिक वर्ष १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५, दोघांची नावं आणि पॅन, आणि 'प्रत्यक्ष भरलेले व्याज व मुद्दल वेगवेगळे दाखवावे' एवढंच एक वाक्य. वीस मिनिटांत शिक्क्यासकट कागद हातात. मग आधी सकाळभर मी काय करत होते?

चूक माझीही आहे, मान्य. जानेवारीत ऑफिसला अंदाजी प्रमाणपत्र दिलं, तेव्हाच हप्त्यांची बेरीज करायला हवी होती. ते मार्चपर्यंतचं धरून काढलेलं असतं, त्यावर विसंबायचं नसतं. एप्रिलनंतर अंतिम मागायचं. आणि हो, नव्या करप्रणालीत असाल तर ही वजावटच नाही, हा सगळा खटाटोप जुन्या प्रणालीवाल्यांचा. बऱ्याच जणांना नवीच परवडते, हेही खरं.

एक गोष्ट मात्र त्या पोरीनेच सांगितली. वजावट आठच वर्षं, आणि ती मोजायची व्याज भरायला लागल्याच्या वर्षापासून. मुलगा शिकत असताना सासूबाई सारख्या म्हणायच्या, "थोडं थोडं व्याज भरून टाक." भरलं असतं तर कर्ज हलकं झालं असतं, पण ती आठ वर्षंही तेव्हाच सुरू झाली असती. आमचं कर्ज दहा वर्षांचं. तसंही शेवटची दोन-अडीच वर्षं हाती काही लागणार नाही, पण तोवर व्याज उरणार तरी किती.

तुमच्यापैकी कोणाच्या प्रमाणपत्रावर सहकर्जदाराचं नाव आपोआप आलंय का? आलं असेल तर सांगा. आणि आधी मागच्या बाजूला पेन्सिलीने हप्ते गुणा, मग रिटर्न भरा.