एकदम बोललेली दोन माणसं कशी लिहायची

रेकॉर्डिंग ऐकून संभाषण लिहून काढणाऱ्यांना असा सल्ला मिळतो: “दोघं एकाच वेळी बोलली तरी काळजी नको. डायरायझेशन लावलं की आवाज वेगळे होतात. जिथे जमणार नाही तिथे ‘[एकत्र बोलणे]’ लिहा, अर्थ बिघडत नाही.”

डायरायझेशन आवाज वेगळे करत नाही. कोण केव्हापासून केव्हापर्यंत बोललं, याची यादी ते देतं. pyannote 3.1 हे डायरायझेशनचं साधन एकाच क्षणी दोघं बोलत असल्याचं ओळखतं आणि `get_overlap()` ने त्या जागा काढता येतात, पण तिथला ध्वनी मिसळलेलाच राहतो. तोच व्हिस्पर या बोलणं लिहून देणाऱ्या मॉडेलला दिला की शब्दांचा एकच प्रवाह मिळतो. बहुतेक वेळा मोठ्या आवाजाचं बोलणं उतरतं. दुसऱ्याचे शब्द गळतात, किंवा पहिल्याच्या वाक्यात घुसतात.

आवाज वेगळे करणारं मॉडेल निराळं असतं. ते पूर्ण फाइलवर चालवलं तर जिथे एकटाच बोलतोय तिथेही त्याचा आवाज दुसऱ्या ट्रॅकमध्ये झिरपतो. त्याच वेळेला दोन्ही नावांखाली तेच शब्द दिसले, की हे घडलंय असं समजावं. म्हणून ते फक्त सापडलेल्या जागांवर, मागेपुढे सेकंदभर ठेवून चालवावं. त्याआधी मूळ फाइल तपासा. दोघांचे माइक दोन चॅनलवर असतील तर चॅनल वेगळे काढून एकेक लिहून घेणं सगळ्यात बरं. व्हिस्पर फाइल उघडतानाच दोन्ही चॅनल मिसळून मोनो करतं आणि हाती असलेली ही सोय तिथेच संपते.

आता ‘अर्थ बिघडत नाही’ हे पाहू. समजा ‘अ’ 12.0 ते 15.2 सेकंद बोलतोय आणि ‘ब’ 13.1 ते 14.0 मध्ये त्याला तोडतो. सरसकट खूण टाकली तर असं उरतं:

```
अ: कागद सोमवारी [एकत्र बोलणे], पावतीही घेतली.
```

‘ब’ची हरकतच पुसली गेली. वाचणाऱ्याला सोमवार दोघांनाही मान्य वाटेल. खरं बोलणं असं होतं:

```
अ: कागद सोमवारी [1 दिले होते 1], पावतीही घेतली.
ब: [1 नाही, मंगळवारी 1]
```

संभाषण-विश्लेषणात गेल जेफरसन यांच्या पद्धतीने चौकटी कंस एकाखाली एक जुळवतात. ते टाइपरायटरसारख्या समान रुंदीच्या अक्षरांत जमतं. देवनागरीत जोडाक्षरांची रुंदी बदलते, फाँट बदलला की कंस सरकतात. म्हणून कंसात आकडा घालावा. पुढच्या जागेला 2, मग 3. कंस शब्दाच्या सीमेवर ठेवावा, अक्षर फोडू नये.

ऐकू न आलेला भाग ज्याचा आहे त्याच्याच ओळीत `(अस्पष्ट 13.6–14.0)` असा लिहावा, अंदाजाने भरू नये. मधल्या ‘हं’, ‘हो’ बाबत एकच कसोटी: समोरून प्रश्न आला होता का? आला असेल तर ते उत्तर आहे, स्वतंत्र ओळीत लिहा. नुसता हुंकार असेल तर शब्दशः प्रतीत ठेवा आणि वाचनासाठीच्या प्रतीतून गाळा. गाळलंय हे मात्र प्रतीच्या सुरुवातीला नोंदवा.