काही न मागता सगळं मागायची लिंक्डइन पद्धत

समजा बीकेसीतल्या एका बँकेत प्रॉडक्टचं काम बघणाऱ्या एक बाई आहेत, तुमची त्यांच्याशी काडीची ओळख नाही, आणि तुम्हाला त्यांच्या टीममध्ये घुसायचंय. डायरेक्ट जॉब मागायचा नाही हे तुम्ही कुठेतरी वाचलंय. आधी कॉमन आवड शोधा, त्यावर बोला, लगेच काही मागू नका. यातला 'लगेच' हा शब्द नीट धरून ठेवा, आपला सगळा बिझनेस त्याच्यावर चालतो.

आवड शोधायला त्यांच्या अ‍ॅक्टिव्हिटीत जा. तिथे शिवडीच्या खाडीतल्या तुतवारांच्या थव्याचा फोटो आहे आणि खाली त्यांनी लिहिलंय की भरती चढायला लागल्यावर पक्षी पाण्यासोबत काठाकडे सरकले, सकाळी सव्वाआठचा फोटो. एवढं सगळं वाचत बसू नका, फोटोत पक्षी आहेत ना, बास, म्हणजे निसर्ग. आता नोट लिहा: 'नमस्कार मॅडम, तुमचं प्रोफाइल बघून खूप इन्स्पायर झालो, मलाही निसर्गाची प्रचंड आवड आहे, कनेक्ट व्हायला आवडेल.' ही नोट बोरिवलीच्या ट्रेकरलाही चालते आणि दादरला बाल्कनीत मोगरा लावणाऱ्या काकांनाही, एकदा टाइप केली की जन्मभराची सोय.

आता जे अजिबात करू नका ते सांगतो. काही लोक असलं लिहितात: 'नमस्कार, तुमचा शिवडीचा फोटो बघितला. मी कायम ओहोटीला पोचायचो आणि लांबवर नुसते ठिपके दिसायचे. पोस्टमध्ये वेळ आणि भरतीचं लिहिलंत ते बरं केलंत, रविवारी चढत्या पाण्यात गेलो आणि तुतवार नीट दिसले.' संपलं. पुढे काहीच नाही! ना 'तुमच्या जर्नीबद्दल जाणून घ्यायला आवडेल', ना 'एक छोटासा प्रश्न होता'. बाईंनी वाचलं, बरं वाटलं, अ‍ॅक्सेप्ट केलं किंवा नाही केलं, त्यांच्या डोक्यावर उत्तराचं ओझंच नाही. असल्या मेसेजने कुणाचं भलं झालंय?

शिवाय असलं लिहायला खरंच जावं लागतं. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे त्यांचं सव्वाआठ पुढच्या आठवड्यात तुमच्या कामाचं नाही, भरतीचं टाइमटेबल बघून हार्बर लाइन पकडायची, तीही रविवारी, मेगाब्लॉक सांभाळून. आणि न जाता लिहिलंत तर बाई साधं एवढंच विचारतील की कुठल्या बाजूला उभे होतात, की तुम्ही गप. निसर्गाच्या आवडीत असली काही भानगड नाही, तिला कुणी पत्ता विचारत नाही.

जागेचाही प्रश्न आहे म्हणा. फुकट अकाउंटवर रिक्वेस्टच्या नोटला 200 कॅरेक्टर मिळतात आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगवेगळं मोजलं जातं, म्हणजे 'शिवडी' दिसायला तीन अक्षरं आणि खातो पाच. वरची ती भरती-ओहोटीची नोट जेमतेम बसते, वर आणखी एक वाक्य टाकायचं तर रविवार तरी कापायला लागेल नाहीतर नमस्कार तरी. आपली 'इन्स्पायर झालो' मात्र आरामात बसते, वर एक हात जोडलेला इमोजीही जातो. त्यात महिन्याला अशा नोटा मोजक्याच पाठवता येतात, मग त्या एकेका माणसाचं वाचून लिहिण्यात घालवायच्या कशाला.

बाईंनी अ‍ॅक्सेप्ट केलं की 'लगेच' संपलं असं समजा. नोटेत काही मागितलं नव्हतं ना, मग आता दुसरा मेसेज, त्याला तो नियम लागत नाही. पहिल्या मिनिटाला 'थँक्स फॉर कनेक्टिंग मॅम', दुसऱ्या मिनिटाला रेझ्युमेचं पीडीएफ, आणि पाठोपाठ 'शनिवारी फक्त 15 मिनिटं बोलता येईल का, जमलं तर एक रेफरल.' मध्ये पक्षी वगैरे परत आणू नका, त्यांचं काम झालं. बाईंना आता पहिली नोट कशासाठी होती ते कळेल, पण तोवर पीडीएफ पोचलेलं असतं, आणि ब्ल्यू टिक नसली तरी तुम्हाला मनातून दिसतेच.

उत्तर आलं नाही तर दर दोन दिवसांनी 'जेंटल रिमाइंडर' टाका. आणि रिक्वेस्टच पेंडिंग पडून राहिली असेल तर तडक विथड्रॉ करून परत पाठवायला जा, म्हणजे तुम्हाला कळेल की लिंक्डइन त्याच माणसाला तीन आठवड्यांपर्यंत परत पाठवू देत नाही. तोवर रिकामं कशाला बसायचं, त्यांच्याच टीममधल्या बाकीच्यांना तीच नोट पाठवून द्या, एका फ्लोअरवर बसणारी माणसं आहेत, जेवताना एकमेकांना दाखवतील तरी.