बत्तीस इंच आणि उकिडवं बसणं

इंदूरच्या महाराणी रोडवर टीव्ही घ्यायला गेलो, तर दुकानात मला न मागता स्टूल आणून दिलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

भंवरकुआंची आमची खोली दहा बाय दहा, राहणारे चौघं, टीव्हीची वर्गणी माणशी तीन हजार. म्हणजे 12 हजार आणि 32 इंच, विषय संपला. पण आमच्यातले दोघं पलंगावर असतात आणि दोघं जमिनीवर गाद्या टाकून, त्यातला एक तर दाराच्या कोपऱ्यात. समोर बसून टीव्ही बघायचं भाग्य कुणाच्याच नशिबी नाही. दुकानात मात्र सगळे टीव्ही डोळ्यांच्या उंचीला, नाकासमोर मांडलेले, वर शोरूमचा भडक मोड लावलेला. त्यात लिंबूसुद्धा हापूससारखं दिसतं. म्हणून पोऱ्याला सेटिंगमध्ये जाऊन ‘होम’ मोड लावायला सांगितलं, माणसाचा चेहरा पडद्यावर थांबवायला लावला, आणि मी डाव्या कोपऱ्यात जाऊन उकिडवा बसलो.

“गुडघा गेला का?” मागून आवाज आला.

मिक्सरचं भांडं बदलायला आलेले एक काका. रामबागेतले असावेत, पिशवीवरून वाटलं.

“नाही हो काका, कोन बघतोय.”

“कोण?”

“कोन. बाजूनं कसं दिसतं ते.”

“बाजूनं कशाला बघायचं? टीव्ही समोरून बघतात.” मग पोऱ्याला, “अरे भिया, यांना स्टूल दे. आणि बेटा, तिळाचं तेल कोमट करून चोळ, रात्री.”

स्टूल आलं. स्टुलावर बसलो तर जमिनीवरच्या गादीची उंची जाते, म्हणून मी ते बाजूला सारलं. काकांना वाटलं, दुखणं फार वाढलंय. त्यांनी शेजारच्या टीव्हीवर टिचकी मारली, कडेला धरून किंचित उचलला आणि निकाल दिला, “यात वजनच नाही. आमचा जुना उचलायला दोन माणसं लागायची.” सेल्समननं मान डोलावली. मी गिऱ्हाईक असताना!

खरं तर कोनाचीच गोष्ट कुणी सांगत नाही. पडदे मुख्यतः दोन जातींचे. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो, पण बाजूला सरकलात की चेहरे पांढुरके पडतात. आयपीएसवर कोपऱ्यातूनही रंग बऱ्यापैकी टिकतात, मात्र अंधाऱ्या खोलीत काळा करडा वाटतो. एकट्यानं समोर बसून बघायचं तर व्हीए घ्यावा. चौघांच्या खोलीत आयपीएस. खोक्यावर ही जात बहुधा छापलेली नसते, म्हणून तर उकिडवं बसायचं. डोकं डावीकडे, उजवीकडे आणि खाली नेऊन तोच चेहरा बघायचा. फिका पडला की पुढचा टीव्ही.

मग सेल्समन 43 इंचीकडे वळला. “आता जीएसटी 28 वरून 18 वर आलाय, घेऊन टाका.” आला खरा, सप्टेंबर 2025 मध्ये, 32 इंचांवरच्या टीव्हींवर. पण किमतीतला फरक तो देणार होता का? शिवाय उशीपासून भिंत सहा फूट. स्वस्तातल्या 32 इंचीत आडवे 1366 ठिपके असतात, एकेक साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. सहा फुटांवरून ते डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. तिथे ‘फोर के सपोर्ट’ म्हणून वर दोन हजार मागणं म्हणजे निव्वळ लूट; पडदा तोच राहतो, फक्त मोठं चित्र आत घेऊन बारीक करून दाखवतो. हाच टीव्ही टेबलावर दोन फुटांवर ठेवून लॅपटॉपचा पडदा करायचा असेल, तर मात्र अक्षरं फाटकी दिसतील. त्यासाठी फुल एचडी शोधावा.

खोक्यावर ‘80 सेंमी’ लिहितात तो कर्ण. रुंदी साधारण 72 सेंमी भरते आणि ती कुठेही बसते. बसत नाहीत ते पाय! हल्ली पाय दोन टोकांना लावतात. आमच्या टीव्हीच्या पायांत अंतर 63 सेंमी, आमचं टेबल दोन फुटी, म्हणजे 61. खोक्यावर भलीमोठी जाहिरात आणि हा आकडा कुठेच नाही. दुकानात टेप लावून मोजलं, तर काका म्हणाले, “आता कपडे शिवतोय का?”

भिंतीला लावायचं म्हटलं, तर घरमालकीणबाई डिपॉझिटवर हात ठेवून बसल्यात: “खिळा ठोकायचा नाही, सांगून ठेवते.” उरतो मधल्या खांबाचा टेबलस्टँड. तो टीव्हीमागच्या चार भोकांत बसतो. भोकांमधलं अंतर आडवं-उभं मोजून न्यावं, आणि स्क्रू टीव्हीला लागतो त्याच जाडीचा आणि लांबीचा घ्यावा. जास्त लांब स्क्रू आत घुसून पडदा फोडू शकतो. कंपनीचा माणूस फुकट बसवून देतो म्हणे, पण फक्त कंपनीच्या पायांवर किंवा भिंतीवर. स्टँड बघून तो म्हणाला, “हे आमच्यात येत नाही,” आणि चहा पिऊन गेला. चहा मात्र त्याच्यात येत होता.